प्रश्न जागेचा नाही, गुंत्याचा

माणसाच्या एका पेशीतला सगळा डीएनए सरळ करून टोकाला टोक जोडून मांडला, तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरते. ज्या केंद्रकात तो राहतो त्याचा व्यास मात्र मिलीमीटरच्या शंभराव्या भागाइतकासुद्धा नसतो. हे ऐकलं की इतका लांब धागा इतक्या लहान जागेत मावतो तरी कसा, असाच प्रश्न कुणालाही पडेल.

थोडा हिशेब केला तर हा प्रश्न वेगळा दिसू लागतो. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची जाडी फक्त दोन नॅनोमीटर आहे, म्हणजे मिलीमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन. इतक्या बारीक धाग्याच्या दोन मीटर लांबीचं घनफळ साधारण सहा घन मायक्रोमीटर होतं. आठ मायक्रोमीटर व्यासाच्या केंद्रकाचं घनफळ सुमारे २७० घन मायक्रोमीटर असतं. म्हणजे नुसता डीएनए केंद्रकाची दोन-अडीच टक्के जागाच घेतो. जागेची टंचाई नाहीच. खऱ्या अडचणी दोन आहेत. डीएनएच्या कण्यावर सगळीकडे ऋण विद्युतभार असल्याने धाग्याचे भाग एकमेकांना दूर लोटतात. शिवाय इतके लांब धागे एका ठिकाणी कोंबले की त्यांचा गुंता होणारच, आणि पेशी विभागताना प्रत्येक धाग्याच्या दोन प्रती न तुटता वेगळ्या काढाव्या लागतात. गुणसूत्र कसं घडतं हे समजून घ्यायचं, तर या दोन अडचणी पेशी कशा सोडवते ते पाहायला हवं.

विद्युतभाराची अडचण हिस्टोन नावाची प्रथिनं हलकी करतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्ब्रेख्ट कोसेल यांनी १८८४ साली हंसाच्या रक्तपेशींच्या केंद्रकांतून ही प्रथिनं वेगळी काढली. लायसिन आणि आर्जिनिन ही धनभारित अमिनो आम्लं त्यांच्यात भरपूर असतात, म्हणून ऋणभारित डीएनए त्यांना चिकटतो. डीएनए आणि ही प्रथिनं मिळून जे द्रव्य बनतं ते क्रोमॅटिन. पण कोसेल यांच्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं हिस्टोन म्हणजे डीएनएवर चढवलेला एकसारखा लेप आहे असंच अनेकांना वाटत होतं.

तो समज मोडणारा प्रयोग १९७३ साली ऑस्ट्रेलियात डीन ह्युइश आणि लेई बर्गॉइन यांनी केला. उंदराच्या जातीच्या प्राण्यांच्या, म्हणजे रॅटच्या, यकृतपेशींची केंद्रकं त्यांनी घेतली आणि त्या केंद्रकांतल्याच एका एन्झाइमला क्रोमॅटिनमधला डीएनए कापू दिला. मग प्रथिनं काढून टाकून डीएनएचे तुकडे जेलमधून विजेच्या साहाय्याने पळवले. जेलमध्ये लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात. एन्झाइमने हवं तिथे कापलं असतं तर सगळ्या लांबीचे तुकडे मिळून जेलवर एक सलग पट्टा दिसला असता. दिसली ती शिडी. तुकड्यांची लांबी एका ठरावीक मापाच्या एकपट, दुप्पट, तिप्पट अशी पायरीपायरीने वाढत होती. हे माप सुमारे २०० अक्षरजोड्यांचं निघालं. याचा अर्थ कापण्याच्या जागा ठरलेल्या अंतरावर उघड्या होत्या आणि मधला भाग कशाने तरी राखलेला होता.

कापणं तसंच चालू ठेवलं तर आणखी एक गोष्ट कळते. २०० अक्षरजोड्यांचा तुकडा दोन्ही टोकांकडून झिजत जातो, १६६च्या आसपास थोडा अडखळतो आणि १४७च्या आसपास बराच वेळ टिकून राहतो. हा टिकणारा गाभा म्हणजे न्यूक्लिओसोम. १९७४ साली केंब्रिजमध्ये रॉजर कॉर्नबर्ग यांनी त्याची रचना मांडली. एच२ए, एच२बी, एच३ आणि एच४ या चार हिस्टोनांचे प्रत्येकी दोन रेणू मिळून आठांचा गठ्ठा होतो. त्याच सुमारास अमेरिकेत एडा आणि डोनाल्ड ओलिन्स यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दोऱ्यात मणी ओवल्यासारखं दिसणारं क्रोमॅटिन टिपलं. मण्यांची उपमा तेव्हापासून रूढ झाली, पण इथे दोरा मण्यातून जात नाही, मण्याच्या बाहेरून वेढे घेतो.

हे वेढे नेमके कसे असतात ते १९९७ साली झुरिचमध्ये टिमोथी रिचमंड यांच्या प्रयोगशाळेत कॅरोलिन लुगर आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवलं. डीएनए हिस्टोनांच्या गठ्ठ्याभोवती डावीकडे वळत सुमारे पावणेदोन वेढे घेतो. डीएनए तसा ताठ रेणू आहे. १४७ अक्षरजोड्यांचा सुटा तुकडा पाण्यात जवळजवळ सरळच राहतो. तोच इथे इतका वाकतो, कारण चौदा ठिकाणी हिस्टोन त्याला धरून ठेवतात. यातली कुठलीही एक पकड फार घट्ट नसते, म्हणून गरज पडली की कडेचा डीएनए सुटतो आणि पुन्हा बसतो. एकेका मण्यावरच्या डीएनएचा साधारण अर्धा ऋणभार हिस्टोन पुसून टाकतात. १६६ला अडखळण्याचं कारण पाचवा हिस्टोन, एच१. डीएनए मण्यात शिरतो आणि बाहेर पडतो त्या जागी तो बसतो आणि आणखी वीसेक अक्षरजोड्या राखतो.

या आकड्यांशी आज दवाखान्यातही गाठ पडते. मरणाऱ्या पेशींचा डीएनए शरीरात मण्यांच्या मधोमध कापला जातो आणि त्याचे तुकडे रक्तात फिरतात. त्यांची सर्वाधिक आढळणारी लांबी साधारण १६६ अक्षरजोड्या असते. गरोदर बाईच्या रक्तातून गर्भातल्या डाऊन सिंड्रोमची शक्यता तपासणारी चाचणी याच तुकड्यांवर चालते. त्यातले जे तुकडे वारेतून आलेले असतात, ते आईच्या तुकड्यांपेक्षा थोडे आखूड असतात.

आता पहिल्या क्रमांकाचं गुणसूत्र घेऊ. त्यात सुमारे २४ कोटी ९० लाख अक्षरजोड्या आहेत, म्हणजे साडेआठ सेंटिमीटर डीएनए. दर २०० जोड्यांना एक याप्रमाणे त्यावर साडेबारा लाखांच्या आसपास मणी बसतात. २०० जोड्यांची सरळ लांबी ६८ नॅनोमीटर आणि मण्याचा व्यास ११ नॅनोमीटर. म्हणजे मण्यांमुळे लांबी जेमतेम सहापट घटते आणि साडेआठ सेंटिमीटरचे दीडेक सेंटिमीटर उरतात. विभाजनाच्या वेळी सूक्ष्मदर्शकात हेच गुणसूत्र साधारण दहा मायक्रोमीटर लांब दिसतं. सहापट आणि सुमारे साडेआठ हजारपट यांच्यामधलं अंतर कसं पार होतं?

पाठ्यपुस्तकं या जागी एक देखणं चित्र देतात. मण्यांची माळ स्प्रिंगसारखी वळून ३० नॅनोमीटर जाडीची दोरी होते, ती दोरी पुन्हा वळते, आणि असं वळत वळत गुणसूत्र तयार होतं. या ३० नॅनोमीटरच्या दोरीचं प्रारूप जॉन फिंच आणि ॲरन क्लुग यांनी १९७६ साली मांडलं. ते निरीक्षणांवर आधारलेलं होतं. पेशीबाहेर काढलेल्या क्रोमॅटिनमध्ये, विशिष्ट प्रमाणात क्षार असताना, अशी दोरी खरोखर दिसते. पण २००८ साली विभाजित होणाऱ्या मानवी पेशी झटकन गोठवून पाहिल्या, तेव्हा ती आढळली नाही. २०१७ साली क्लोड्डा ओ'शे यांच्या गटाने डीएनएवर धातूचा लेप चढवून पेशीच्या आतच त्याचं त्रिमितीय चित्र घेतलं. त्यात ५ ते २४ नॅनोमीटर जाडीच्या, वेड्यावाकड्या वळलेल्या माळा होत्या. विभाजन नसताना त्या विरळ होत्या आणि विभाजनाच्या वेळी दाट, पण माळ तीच. बहुतेक पेशींमध्ये दोरीवर दोरी वळण्याचा हा टप्पा नसतोच.

मग लांबी घटते ती कशाने? त्याचं उत्तर कंडेन्सिन या प्रथिनसमूहात आहे. तो कड्याच्या आकाराचा असतो. जपानचे तात्सुया हिरानो यांनी १९९७ साली बेडकाच्या अंड्यांच्या अर्कातून तो वेगळा केला. कंडेन्सिन डीएनएला धरतो आणि एटीपीची ऊर्जा खर्चून धागा आपल्यातून ओढत नेतो, त्यामुळे एक लूप वाढत जातो. २०१८ साली डेल्फ्टमध्ये सेस डेकर यांच्या प्रयोगशाळेत हे एकेका रेणूवर प्रत्यक्ष पाहिलं गेलं. वेग सेकंदाला दीड हजार अक्षरजोड्यांपर्यंत जात होता.

त्याच वर्षी कोंबडीच्या पेशींवर झालेल्या कामातून दिसलं, की कंडेन्सिनचा एक प्रकार सुमारे चार लाख जोड्यांचे मोठे लूप करतो आणि दुसरा त्यांच्यात ऐंशी हजारांच्या आसपासचे लहान लूप पाडतो. हे माप पहिल्या गुणसूत्राला लावलं तर तीन हजारांहून अधिक लहान लूप होतात. सगळ्यांची मुळं मधल्या अक्षावर दाटीने बसतात आणि लूप चहूबाजूंना बाहेर येतात. सूक्ष्मदर्शकातले दहा मायक्रोमीटर ही या अक्षाची लांबी आहे. माळ आडवी पसरते, म्हणूनच लांबीचा आकडा इतका घटलेला दिसतो. क्रोमॅटिनचं घनफळ विभाजनाच्या वेळी फक्त दोन-तीनपटच कमी होतं.

मग मण्यांचं यात काम काय? २०१७ साली हिरानो यांच्याच गटाने अंड्यांच्या अर्कातून मणी बांधायला मदत करणारं एक प्रथिन काढून टाकलं आणि त्यात उंदराच्या शुक्रपेशींची केंद्रकं सोडली. मणी जवळजवळ नसतानाही गुणसूत्रासारखे दांडे तयार झाले. मधोमध कंडेन्सिनचा अक्षही होता, पण दांडे ठिसूळ होते. दाटपणा येतो तो मण्यांतून. हिस्टोनांच्या लोंबत्या शेपट्यांवर ॲसिटिल गट बसवले की त्यांचा धनभार कमी होतो. विभाजनाच्या वेळी पेशी यातले बरेच गट काढून टाकते, माळा एकमेकींना अधिक धरतात आणि गुणसूत्र घट्ट होतं. २०२२ साली व्हिएन्नातल्या डॅनियल गेर्लिख यांच्या गटाने हे गट औषधाने काढू दिले नाहीत. तेव्हा गुणसूत्रं सैल राहिली आणि त्यांना ओढून नेणारे तंतू त्यांच्या आरपार शिरले.

एवढं होऊनही दोन प्रतींचे धागे ठिकठिकाणी एकमेकांत अडकलेले असतात. ते सोडवायला टोपोआयसोमरेज-२ हे एन्झाइम लागतं. ते डीएनएचे दोन्ही पदर कापतं, दुसरा धागा त्या फटीतून पलीकडे जाऊ देतं आणि काप पुन्हा जोडतं. कंडेन्सिन लूप ओढत राहिल्यामुळे प्रती एकमेकींपासून दूर ताणल्या जातात, आणि त्यामुळे हे सोडवणं योग्य दिशेने होतं. दोघांपैकी एक जरी नसलं तरी विभाजनाच्या शेवटी दोन पेशींच्या मध्ये डीएनएचे ताणलेले पूल दिसतात. असा पूल तुटला तर एका पेशीत गुणसूत्राचा तुकडा जास्त जातो आणि दुसरीत कमी. एटोपोसाइड हे कर्करोगावरचं औषध या एन्झाइमला कापल्यानंतर आणि जोडण्याआधी अडकवतं. डीएनएत उघडे काप राहतात आणि भराभर विभागणाऱ्या पेशी मरतात. केसांच्या मुळांतल्या आणि अस्थिमज्जेतल्या पेशीही भराभर विभागतात, म्हणून हे औषध घेणाऱ्यांचे केस गळतात आणि रक्तातल्या पेशी कमी होतात.