एका तारखेला किती पडतं?

बांधावरून भांडण पेटलं, कोयता लागून समोरच्याच्या हाताचं हाड मोडलं, आणि बाप व दोन मुलगे आरोपी झाले. अशा वेळी घरची माणसं वकिलाला पहिला प्रश्न विचारतात, "साहेब, सगळी केस कितीत होईल?" वकील एक आकडा सांगतो, घरचे तो जमवायच्या मागे लागतात आणि वर्षभरात हिशेब कोलमडतो. कारण फौजदारी केसचा खर्च तारखांवर चढत जातो, आणि किती तारखा पडतील हे वकील काय, न्यायाधीशही सांगू शकत नाहीत.

हाड मोडलं आणि हत्यार धारदार, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ११८(२). गुन्हा अजामीनपात्र, केस तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. पहिला मोठा खर्च जामिनाचा. खालच्या कोर्टात जामीन नाकारला तर सत्र न्यायालय, तिथंही नाही तर उच्च न्यायालय. प्रत्येक पायरीची फी वेगळी, आणि बहुतेक घरांचा घोटाळा इथेच होतो. वकिलानं सांगितलेली रक्कम फक्त खालच्या कोर्टातल्या जामिनाची असते, घरच्यांना ती सगळ्या केसची वाटते. त्यामुळे वकीलपत्रावर सही करण्याआधी विचारायचं ते हे: सत्र न्यायालयात जावं लागलं तर किती, दोषारोपपत्र आल्यावर किती, साक्षीपुराव्याच्या दिवशी वेगळे पैसे आहेत का, आणि तारीख नुसतीच पुढं ढकलली गेली तरी फी द्यायची का? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. पण बऱ्याच तारखांना साक्षीदार आलेला नसतो किंवा कोर्टाला वेळ नसतो, म्हणून पैसे खरे तिथंच जातात. टप्प्यांप्रमाणे फी ठरवून ती कागदावर घेतलेली बरी. 'निर्दोष सुटलात तर इतके' असा सौदा कुणी करत असेल तर सावध व्हा. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे.

आता तारखेचं गणित करून पाहू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. तिघे आरोपी, गाव तालुक्यापासून पस्तीस किलोमीटर. वकिलाची दर तारखेची फी १,००० रुपये. तिघांची बुडालेली मजुरी, पाचशेप्रमाणे १,५००. येण्याजाण्याचं एसटी भाडं ४००, चहा-जेवण ३००, झेरॉक्स आणि किरकोळ १००. एक तारीख ३,३०० रुपयांना पडली. वर्षात दहा तारखा धरल्या तर ३३,००० आणि केस चार वर्षं चालली तर १,३२,०००. त्यात वकिलाचे फक्त ४०,०००. उरलेले ९२,००० कुठल्याच पावतीवर दिसत नाहीत, म्हणून ते आधी कुणी धरत नाही.

तिघांनीही प्रत्येक तारखेला हजर राहिलंच पाहिजे असं मात्र नाही. वकील हजर असेल आणि आरोपीची गरज नसेल तर त्या दिवसापुरता हजेरी माफीचा अर्ज देता येतो. म्हाताऱ्या बापासाठी तो मंजूर होण्याची शक्यता बरी असते. वकिलाला आदल्या दिवशी सांगून ठेवलं की एक मजुरी आणि एक भाडं वाचतं. पण माफी गृहीत धरून घरी बसणं महागात पडतं. वॉरंट निघतं, ते रद्द करून घ्यायला वेगळा अर्ज आणि वेगळी फी, वर जामीनदाराला नोटीस. पुढची तारीख ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर क्रमांक टाकून फुकट पाहता येते.

त्यामानाने सरकारी खर्च किरकोळच. दिवाणी दाव्यासारखी रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी इथं नसते, वकीलपत्र आणि अर्जांवर तिकिटं लागतात तेवढीच. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला मोफत मिळते, तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर कशाचे ते विचारा. कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. तरी कोर्टाबाहेर पाचशेचा मुद्रांक घ्यायला लावणारे भेटतात.

जामीन मंजूर झाला म्हणजे खर्च संपला, असं घरच्यांना वाटतं. कोर्ट म्हणतं, प्रत्येकी पंचवीस हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा सक्षम जामीनदार. मग सातबारा असलेला पाहुणा शोधायचा, त्याचा ऐपतीचा दाखला तहसीलमधून काढायचा, त्याची गाडी, त्याचं जेवण, त्याचाही दिवस मोडलेला. तिघांसाठी असे तिघे. दाखल्याला वेळ लागणार असेल तर तोवर रोख भरू द्या, असा अर्ज करता येतो. कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन उभे राहणारे 'तयार' जामीनदार टाळाच. कागद खोटे निघाले तर जामीन रद्द होऊ शकतो, शिवाय नवा गुन्हा दाखल होण्याची भीती.

जामिनाच्या अटींनाही पैसे पडतात. दर रविवारी पोलीस ठाण्यात हजेरी म्हणजे आठवड्याची आणखी एक फेरी. दोषारोपपत्र येईपर्यंत तालुक्यात यायचं नाही, अशी अट पडली तर दुसरीकडं खोलीचं भाडं, आणि ऐन हंगामात शेतात गडी लावायचा. कोर्ट अट घालतं त्या क्षणी वकिलानं ही अडचण मांडली तर ती सैल होऊ शकते, म्हणून त्याला आधीच कल्पना द्या.

एवढं झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेली कुठलीही व्यक्ती, यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. अटकेनंतर पहिल्या रिमांडलाच हा वकील मागता येतो. दागिने गहाण ठेवून त्याच रात्री वकील गाठण्याची घाई दरवेळी गरजेची नसते.

दुसरी बाजू जखमीच्या घरची. पोलीस केस सरकार चालवतं, सरकारी वकिलाची फी तक्रारदाराला द्यावी लागत नाही. खासगी वकील लावला तरी तो सरकारी वकिलाला मदत करणाराच असतो, हे माहीत असूनच पैसे खर्च करावेत.

दोन वर्षांनी भावकी मध्ये पडते, तडजोड होते. हे कलम तडजोडपात्र नाही, त्यामुळे तालुक्याच्या कोर्टात केस मिटत नाही. गुन्हा रद्द करायला उच्च न्यायालय गाठावं लागतं. तिथल्या वकिलाची फी, दोन्ही पक्षांची प्रतिज्ञापत्रं, प्रवास, आणि कधी कधी कोर्ट एखाद्या सामाजिक कामासाठी भरायला लावतं ती रक्कम. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांचा प्रवास १८ ऑगस्ट २०२५ पासून कमी झाला, कारण कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं.

आणि केस निकालापर्यंत गेली तर आणखी एक फेरी शिल्लक असते. वरच्या कोर्टात अपील झालं तर हजर राहू, यासाठी सहा महिन्यांचा जामीन निर्दोष सुटणाऱ्याकडूनही घेतला जातो, म्हणजे जामीनदार पुन्हा आला. सुरुवातीला रोख भरली असेल तर ती परत मिळते, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि मूळ पावती लागते. चार वर्षांपूर्वीची ती पावती बऱ्याच घरांत सापडत नाही.