आय नसेल तर वाय

सी, आर, पी, टी, वाय, एच, एम. पहिल्याच हाताला थैलीतून या सात टाइल निघाल्या आणि भाचीचं तोंड उतरलं. ए नाही, ई नाही, आय-ओ-यू यांचा तर पत्ताच नाही. "मामा, मी बदलून घेते सगळ्या," म्हणाली आणि रॅकवरच्या टाइल गोळा करायला लागली. मी तिला थांबवलं. तिच्या हातात तीस गुण होते आणि ते तिला दिसत नव्हते.

आमच्या जवळा बाजारला स्क्रॅबल खेळणारी घरं फारशी नाहीत. हळदीचा आणि सोयाबीनचा भाव मात्र ओसरीवर बसल्या बसल्या कुणीही सांगेल. मी इंग्रजी शिकवण्यात आयुष्य काढलं. त्या विषयाचा एक नाद म्हणून हा पट घरात आला आणि सुट्टीत भाचरं आली की तो ओसरीवर मांडला जातो. मुलांना शिकवताना एक गोष्ट वारंवार दिसली. आपली मुलं इंग्रजी शब्द कानाने लिहितात. रिदम म्हटलं की कानाला 'रि' ऐकू येतो, मनात पहिली वेलांटी उमटते आणि वेलांटी म्हणजे आय, हे तर डोक्यात पक्कं बसलेलं. मग रॅकवर आय शोधायचा. तो नाही, म्हणजे शब्दच नाही.

स्वर नसलेले शब्द सापडत नाहीत ते इथेच. त्यावर मी मुलांना एकच गोष्ट सांगतो: कानाला 'इ' ऐकू येते आणि हातात आय नाही, तर तिथे वाय ठेवून बघा. मिथ, जिम, लिंक्स, सिस्ट, लिंच, ट्रिस्ट, निम्फ, लिम्फ, ग्लिफ, सिंथ, क्रिप्ट, रिदम ही सगळी याच वाटेने सापडतात. यातले पुष्कळ शब्द मुळात ग्रीक. ग्रीकमधलं उप्सिलॉन हे अक्षर लॅटिनमार्गे इंग्रजीत येताना वाय झालं आणि शब्दाच्या मधोमध तसंच राहिलं. म्हणून पीएच, टीएच, आरएच, पीएस असली जोडी रॅकवर दिसली आणि सोबत वाय असला, की ग्रीक शब्दाचा वास घ्यावा. कानाचा हा नियम सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवं. मर हा शब्द, म्हणजे तो सुगंधी डिंक, एम-वाय-आर-आर-एच असा लिहितात आणि त्यात 'इ' ऐकू येतच नाही. तो पाठच करावा लागतो.

आता भाचीच्या हाताकडे येऊ. तिला आधी मिथ दिसला: एम-वाय-टी-एच. एमचे तीन, वायचे चार, टीचा एक, एचचे चार, एकूण बारा. पहिला शब्द पटाच्या मधल्या चांदणीवरून जावा लागतो आणि चांदणी शब्दाचे गुण दुप्पट करते, म्हणून चोवीस. वाईट नाही. पण मग रॅकवर सी, आर, पी उरतात आणि ओढायला फक्त चार टाइल मिळतात. क्रिप्टचेही गुण बाराच: सी तीन, आर एक, वाय चार, पी तीन, टी एक. फरक लांबीचा. चांदणी आठव्या घरात असते आणि त्याच ओळीत चौथ्या घरात अक्षराचे गुण दुप्पट करणारं घर असतं. चार अक्षरांचा शब्द चांदणी झाकून तिथवर पोचत नाही, पाच अक्षरांचा पोचतो. सी चौथ्या घरात ठेवला की त्याचे तीनाचे सहा होतात, शब्द पंधराचा होतो आणि चांदणीमुळे तीस. शब्द उलट्या बाजूला सरकवून चांदणीपासून सुरू केला, तर दुप्पट व्हायला शेवटचा एक गुणाचा टी मिळतो आणि एकूण सव्वीसच होतात. म्हणजे शब्द तोच, पण ठेवण्यात चार गुणांचा फरक.

शिवाय पाच टाइल एकदम खाली गेल्या आणि उरले एच आणि एम. या दोघांचा 'एच-एम' हा दोन अक्षरांचा शब्दसुद्धा शब्दकोशात आहे, विचारात पडलेल्या माणसाचा हुंकार. एक ए आला की हॅम. धोका एवढाच की क्रिप्टच्या शेवटी ओ लावला की क्रिप्टो होतो, आणि तो शब्द चालतो. एस लावून अनेकवचन तर होतंच. समोरच्याकडे यातलं एक जरी अक्षर असलं, तरी तो तुमच्या शब्दाचे गुण पुन्हा मोजून घेणार आणि वर स्वतःचा शब्द उभा करणार. भाचीने तीस घेतले आणि माझ्याकडे ओ होता. खेळात असं चालायचंच.

असा हात किती वेळा येतो? स्क्रॅबलच्या शंभर टाइलमध्ये स्वर बेचाळीस, कोऱ्या दोन आणि उरलेली छप्पन व्यंजनं. त्यात वायही धरला आहे आणि वाय फक्त दोन. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने १९३० च्या दशकात वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून हे प्रमाण ठरवलं. त्यावरून हिशेब केला, तर पहिल्याच ओढीत एकही स्वर आणि एकही कोरी टाइल न येण्याची वेळ सत्तर डावांत एकदा येते. पण अशा कोरड्या हातांपैकी जेमतेम पाव हातांतच वाय असतो. उरलेल्या पाऊण हातांत वर सांगितलेली सगळी ग्रीक मंडळी बाहेर उभी राहतात.

तिथे कामाला येतात ते शब्द वेगळेच आणि थोडेच आहेत. काही नुसते आवाज: थंडीने कुडकुडणारा 'बी-आर-आर', गप्प बसवणारा 'एस-एच-एच', हळूच हाक मारणारा 'पी-एस-एस-टी', नापसंतीचा 'टी-एस-के'. एक गणितातला, 'एन-टी-एच'. आणि दोन वेल्स भाषेतून आलेले. वेल्समध्ये डब्ल्यू हे अक्षर 'ऊ'चं काम करतं. म्हणून सी-डब्ल्यू-एम हा शब्द 'कूम' असा वाचतात. त्याचा अर्थ डोंगराच्या कुशीतली हिमनदीने कोरलेली वाटीसारखी दरी. एव्हरेस्टच्या वाटेवर खुंबू हिमप्रपाताच्या वर जो वेस्टर्न कूम लागतो, तोच हा शब्द. जॉर्ज मॅलरीने १९२१ मध्ये ते नाव दिलं. दुसरा सी-आर-डब्ल्यू-टी-एच, क्रूथ, हे वेल्समधलं एक जुनं तंतुवाद्य.

समजा पहिल्या हाताला सी, डब्ल्यू, एम, आर, एस, टी, एन आले. नवखा माणूस सगळे बदलतो आणि शून्यावर राहतो. जाणता कूम लावतो. सीचे तीन, डब्ल्यूचे चार, एमचे तीन, चांदणीमुळे वीस गुण. त्यात एस जोडून बावीस करण्याचा मोह होतो, आणि तो मी मुलांना आवरायला सांगतो. दोन गुणांसाठी एस घालवू नये. थैलीत एस चारच आहेत आणि पुढे दुसऱ्याच्या शब्दाला शेपूट लावून स्वतःचा मोठा शब्द उभा करायला तोच लागतो. कूम लावल्यावर हातात आर, एस, टी, एन राहतात. स्वर आले की सगळ्यात लवकर शब्दात बसणारी ही चार व्यंजनं. आता तीन टाइल ओढायच्या. त्या तिघांत निदान एक स्वर येण्याची शक्यता सहात पाच. या शब्दांची खरी किंमत इथे कळते. गुण थोडेच मिळतात, पण अडेलतट्टू अक्षरं निघून जातात आणि कामाची मागे उरतात. याच कारणासाठी पी-एस-एस-टी मला पहिल्या हाताला आवडत नाही. सहा गुणांच्या शब्दासाठी दोन एस जातात. त्यापेक्षा टाइल बदललेल्या बऱ्या.

कूम पटावर ठेवला की समोरचा हरकत घेणारच. म्हणून शब्दकोश कोणता, हे खेळ मांडतानाच ठरवावं. आपल्याकडच्या स्पर्धांत कॉलिन्सची यादी चालते. घरात निदान एकाच यादीवर एकमत हवं. हरकत घेणाऱ्याला दोन ठिकाणी यश मिळतं. एक, स्पेलिंग. रिदममधला पहिला एच गाळणारे कितीतरी भेटतात. दुसरं म्हणजे अनेकवचन. क्रिप्ट, रिदम, कूम यांना एस लागतो. 'पी-एस-एस-टी' आणि 'एन-टी-एच' यांना लागत नाही.

रिदमचं आणखी एक आहे. त्याला दोन एच लागतात आणि थैलीत एच दोनच. एक जरी समोरच्याने वापरला, तरी कोऱ्या टाइलशिवाय रिदम विसरायचा. तीच गत सिझिजीची, म्हणजे सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत येतात त्या स्थितीच्या नावाची. त्यात तीन वाय आहेत, टाइल दोनच, म्हणजे एक कोरी हवीच. मात्र रिदमला एस लावून सातही टाइल एकदम लागल्या, तर अठरा गुणांवर पन्नासाचं बक्षीस मिळतं, शिवाय पटावरच्या घरांचं वेगळं.

शब्दकोड्यात हेच शब्द उलटा त्रास देतात. मराठी कोड्यात ही भानगड नसते, कारण घरात अक्षर काना-मात्रेसकट बसतं. पहिलीच्या मुलाचे बदक, कमळ, गवत हे बिनकानामात्रेचे शब्दही बिनबोभाट भरता येतात. इंग्रजी कोड्यात एकाआड एक घरं आडव्या-उभ्या शब्दांनी भरत जातात. समजा सहा घरांत दुसरं अक्षर एच, चौथं टी आणि सहावं एम मिळालं. सूचना आहे 'ठेका'. आपण रिकाम्या घरांत ए, ओ, आय घालून बघत राहतो आणि काहीच जुळत नाही. मग मिळालेल्या अक्षरांवरच शंका येते आणि बरोबर लिहिलेला आडवा शब्द खोडला जातो. मी आधी एचच्या मागे कोण बसू शकतो ते बघतो: सी, पी, एस, टी, डब्ल्यू आणि आर. आर हा त्यातला दुर्मीळ, म्हणून त्याच्याकडे शेवटी लक्ष जातं. आर बसवला की तिसऱ्या घरात वाय सुचतो आणि टीच्या पुढे एच आपोआप येतो. शेवटच्या टी-एच-एम या तुकड्यात लिहिलेला स्वर नसतानाही बोलताना एक 'अ' निघतो. आपण मराठीत तो 'द'मध्ये लिहूनच टाकतो, म्हणून आपल्याला तो तुकडा अपुरा वाटतो.

डावाच्या शेवटी, थैली रिकामी झाल्यावर, हे छोटे शब्द पुन्हा लागतात. एकाने सगळ्या टाइल संपवल्या की दुसऱ्याच्या हातात राहिलेल्यांचे गुण त्याच्या खात्यातून वजा होतात आणि संपवणाऱ्याच्या खात्यात जमा होतात. एच आणि एम अडकले, तर सात गुणांचा दोन्हीकडून फटका, म्हणजे चौदाचा फरक. पटावर कुठेतरी दोन घरांची फट सापडली, तर 'एच-एम' तिथे खपतो. 'एस-एच' आणि 'एम-एम' हेही खपतात. सीला कॉलिन्समध्ये दोन अक्षरांचा एकच शब्द आहे, 'सी-एच'. व्हीला एकही नाही. म्हणून थैलीत दहाएक टाइल राहिल्या की मी व्ही हातात ठेवत नाही, मग त्यासाठी कमी गुणांचा शब्द लावावा लागला तरी चालेल.