‘नामा म्हणे’ : पण कोणता नामा?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, अभंगाच्या शेवटी ‘नामा म्हणे’ असं असेल, तर तो नामदेवांचा म्हणायला अडचण काय? आज तेवढा एकच प्रश्न घेऊ.

नामदेवांचा काळ सर्वसाधारणपणे १२७० ते १३५० मानला जातो. त्यांच्या नावावरचे अभंग शासकीय गाथेत दोन हजारांहून अधिक आहेत. परंतु त्यांच्या हयातीतलं एकही हस्तलिखित आपल्यापाशी नाही. ज्या वह्यांतून, बाडांतून हे अभंग आले, त्या पुष्कळ नंतरच्या, आणि मधली दोन-अडीच शतकं ते कीर्तनकारांच्या तोंडी होते. याच मधल्या काळात, सोळाव्या शतकात, विष्णुदास नामा हा दुसरा कवी झाला. त्यानं मराठीत ओवीबद्ध महाभारत रचलं, आणि अभंगही. त्याचीही मुद्रा नामाच.

मग मुद्रेवरून निवाडा करावा का? ‘विष्णुदास नामा’ असं आलं की दुसऱ्याचा, नुसतं ‘नामा’ आलं की पहिल्याचा? सोपं वाटतं, पण टिकत नाही. विष्णुदास म्हणजे विष्णूचा दास. पहिले नामदेवही स्वतःला तसं म्हणवून घेऊ शकतात. शिवाय मुद्रा हा अभंगाचा सर्वांत सहज बदलणारा भाग. गाणाऱ्यानं एखादा शब्द गाळला, दुसरा घातला, की झालं.

बरं, भाषेवरून? इथेही जपून. ज्ञानेश्वरी १२९० ची, पण १५८४ मध्ये एकनाथांना तिची शुद्ध प्रत तयार करावी लागली, कारण तीनशे वर्षांत पाठ बिघडले होते. तो तर लिहिलेला ग्रंथ. मग तोंडी चाललेल्या अभंगाची भाषा नवी दिसली, तर त्यात नवल ते काय? नव्या भाषेवरून एवढंच कळतं की गाणारा किंवा लिहिणारा नंतरचा आहे. रचणारा नंतरचा, हे त्यावरून ठरत नाही.

मात्र एक जागा अशी आहे, जिथे भाषा खरं बोलते. ती म्हणजे यमक. ओळीच्या मध्ये एखादा फारसी शब्द आला, तर तो कुणीतरी जुन्या शब्दाच्या जागी बसवला असेल. पण समजा, एका चरणाचा शेवट ‘अर्ज’ने झाला आणि दुसऱ्याचा ‘कर्ज’ने. दोन्ही शब्द मुसलमानी राजवटीच्या दफ्तरातून मराठीत रुळलेले. एक काढला, तर यमक मोडतं. दोन्ही काढले, तर अभंगच नवा रचावा लागतो. म्हणजे अशी रचना मुळातच नंतरची, असं बऱ्याच खात्रीनं म्हणता येतं.

याहून पक्का पुरावा म्हणजे अभंगातली माणसं. आमच्या आई पहाटे एक अभंग म्हणत. शेवटी नामा, आणि मध्ये कबीराचं नाव. कबीर पंधराव्या शतकातले. आता तो शब्द नंतर घुसला असेल का, हेही तपासायचं. नुसत्या यादीत नाव असेल, तर घुसू शकतं. पण त्या अभंगाचं सगळं कथानकच कबीरावर उभं होतं. मग तो नामदेवांचा असूच शकत नाही.

ही झाली नकाराची बाजू. होकारासाठी काय? इथे पंजाबकडे पाहावं लागतं. १६०४ मध्ये संकलित झालेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदं आहेत. भाषा हिंदी वळणाची, परंपरा वेगळी, गाणारे वेगळे. एखादी कल्पना तिथेही आहे आणि मराठी अभंगांतही, आणि एकानं दुसऱ्याकडून उशिरा घेतल्याची खूण नाही, तर ती दोन परंपरा फुटण्याआधीची असण्याचा संभव वाढतो. फक्त लक्षात ठेवा, त्यानं कल्पना जुनी ठरते, ओळीतले शब्द नव्हेत.

म्हणून आम्ही तीन गठ्ठे करतो. नामदेवांचे नाहीत असे. त्यांचे असण्याचा बराच संभव आहे असे. आणि ठरवता येत नाही असे. तिसरा गठ्ठा सर्वांत मोठा राहतो, आणि तो तसाच राहू द्यावा. आवडला म्हणून अभंग दुसऱ्या गठ्ठ्यात सरकवायचा आणि साधा वाटला म्हणून पहिल्यात टाकायचा, ही संशोधकांचीही जुनी खोड आहे. थोर कवीही साधं लिहितो, आणि दुसरा नामाही उत्तम लिहीत असेल की!

आईंना आम्ही हे एकदा सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग तो दुसरा नामाही चांगलाच होता म्हणायचा.” त्यांनी अभंग सोडला नाही. आम्हीही तो पहिल्या गठ्ठ्यातून हलवलेला नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी बरोबर आहेत. अभंग कुणाचा, हा एक प्रश्न. तो म्हणावा का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या भीतीनं बदलू नये, एवढंच.