सकाळचे दोन फॉर्म

पावणेसहाला उठते, पण लगेच प्रूफ हातात घेत नाही. झोपेची गुंगी उतरायला अर्धा तास लागतोच. तोवर दूध तापवणं, चहा, केर.

साडेसहाला टेबलाशी. सोळा पानांचा एक, असे पुस्तकाचे दोन फॉर्म पहिल्या वाचनाला. मुद्रितशोधनातलं हे सगळ्यात अवघड काम. ‘दीन’चा ‘दिन’ झाला किंवा ‘सूत’चं ‘सुत’, तरी शब्द बरोबरच दिसतो; अर्थ लावत वाचलं तरच चूक सापडते. पन्नास मिनिटं वाचायचं, दहा मिनिटं गॅलरीत उभं राहायचं. साडेनऊपर्यंत फोन आतल्या खोलीत.

पूर्वी सकाळ फोन आणि मेलमध्ये जायची, वाचन जेवणानंतर. एका पुस्तकात चुका तशाच छापून गेल्या. लेखकानं पानं उलगडून दाखवल्या तेव्हा फार वाईट वाटलं. मग दोन आठवडे रोज एक फॉर्म सकाळी वाचला, एक दुपारी, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं वेळ लिहिली. दुसऱ्या वाचनात निसटलेल्या चुका मोजल्या. सकाळच्या दहा फॉर्ममध्ये 11, दुपारच्या दहामध्ये 29. त्यातल्या बहुतेक दोन ते साडेतीनच्या पानांवर. त्या दिवसापासून पहिलं वाचन सकाळीच.

साडेदहा ते साडेबारा प्रकाशकांचे फोन, लेखकांना शंका विचारणं. मग जेवण.

दुपारी डोळे जड होतात. एकादशीच्या उपासालाही होतात, कारण ही उतरण शरीराच्या घड्याळातलीच आहे. भरपेट जेवण ती फक्त वाढवतं. गजर लावून वीस मिनिटं पडते. तासभर झोपलं तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं आणखी जड होतं. नंतर साडेतीनपर्यंत पृष्ठांक तपासणं, प्रकरणांची नावं अनुक्रमणिकेशी ताडून पाहणं, बिलं. बोट ठेवून आकडे जुळवायला अर्थ लावावा लागत नाही.

चारला दिवसातला शेवटचा चहा. उशिरा घेतला तर रात्रीची झोप बिघडते. साडेचार ते साडेसहा पुन्हा तरतरी असते, सकाळइतकी नसली तरी दुसऱ्या वाचनाला पुरते. एकच ओळ दोनदा वाचली गेली की थांबते. सलग तीन पानांवर एकही खूण पडली नसेल, तर ती पानं उद्यासाठी बाजूला ठेवते.

घाईचा फॉर्म भर दुपारी आला तर इलाज नसतो. मग घरातलं कुणी मूळ प्रत मोठ्यानं वाचतं, मी प्रुफावर बोट ठेवते. वेळ दुप्पट जातो. आमचे अक्षरजुळणी करणारे दादा मात्र रात्री दहानंतर खुलतात. त्यांना सकाळी सातला अवघड पान देण्यात अर्थ नाही.

रात्री साडेनऊला उद्याचे फॉर्म टेबलावर काढून ठेवते. झोप सहा तासांपेक्षा कमी झाली, तर सकाळी दोन नाही, एकच फॉर्म घेते.