कॉन्टँगो व बॅकवर्डेशन

वायदेबाजारातील भावरचनेच्या दोन परस्परविरुद्ध अवस्था. एखाद्या वस्तूच्या नजीकच्या वायद्यापेक्षा दूरच्या महिन्याच्या वायद्याचा भाव चढा असल्यास त्या अवस्थेस ‘कॉन्टँगो’ म्हणतात. दूरचा भाव उतरता असल्यास ते ‘बॅकवर्डेशन’ होय. मुंबईच्या शेअरबाजारात २००१ पर्यंत प्रचलित असलेल्या बदला पद्धतीतही अशाच दोन अवस्था दिसत. सौदा पुढे नेण्यासाठी सामान्यतः खरेदीदार बदला देई. विक्रेत्यावर तो देण्याची पाळी आल्यास त्यास ‘उंधा बदला’ म्हणत.

कॉन्टँगोचे मूळ साठवणुकीच्या खर्चात आहे. आज माल घेऊन तो पुढील महिन्यापर्यंत ठेवणाऱ्यास गोदामभाडे, विमा व अडकलेल्या भांडवलावरील व्याज सोसावे लागते. दूरच्या भावात त्याची भर पडते. भावांतील अंतर या खर्चापेक्षा वाढले, तर व्यापारी आजचा माल घेऊन साठवितात व पुढील वायद्यात विकतात, त्यामुळे ते अंतर पुन्हा आटोक्यात येते. मात्र टाक्या रिकाम्या असतील, तरच हा उपाय चालतो. बॅकवर्डेशन टंचाईच्या वेळी उद्‌भवते. कारखान्यास माल आजच हवा असतो आणि पुढील महिन्यात येणारा माल आज आणता येत नाही. म्हणून या अंतरास साठवणखर्चासारखी मर्यादा नसते. चढा दूरचा भाव म्हणजे भाववाढीचे भाकीत, असा समज सर्रास आढळतो. तो बरोबर नाही.

वस्तुनिधीच्या घटकधारकांना या भावरचनेची झळ लागते, ती पुढीलप्रमाणे. खनिज तेलासारखी वस्तू साठविणे निधीस शक्य नसल्याने तो वायदे घेतो. मुदत संपण्यापूर्वी ते विकून पुढील महिन्याचे वायदे घ्यावे लागतात. यास ‘रोलओव्हर’ म्हणतात. समजा, निधीजवळ १० लाख डॉलर असून मे वायद्याचा भाव पिंपास ४० डॉलर आहे. म्हणजे निधीच्या हाती २५,००० पिंपांचे वायदे असतात. जूनचा भाव ४२ डॉलर असल्यास त्याच रकमेत सुमारे २३,८१० पिंपांचेच वायदे येतात. या क्षणी तोटा झालेला नसतो, कारण पिंपे कमी झाली, तरी त्यांचे मूल्य १० लाख डॉलरच असते. तोटा त्यानंतरच्या महिन्यात होतो. प्रत्यक्ष तेलाचा भाव ४० डॉलरवर स्थिर राहिला, तर मुदत जवळ येताच जूनचा वायदा ४२ वरून ४० वर उतरतो व निधीचे मूल्य सुमारे ९,५२,४०० डॉलर होते. हेच अंतर वर्षभर कायम राहिल्यास १० लाखांचे सुमारे ५,५७,००० डॉलर उरतात. तेल मात्र एका पैशानेही उतरलेले नसते. निधीने तारण म्हणून ठेवलेल्या सरकारी हुंड्यांवरील व्याजाने यांपैकी थोडा भाग भरून निघतो. ही घट कोठेही शुल्क म्हणून नोंदली जात नाही, त्यामुळे ती सहसा धारकाच्या ध्यानात येत नाही.

अमेरिकेत २००६ मध्ये सुरू झालेला ‘युनायटेड स्टेट्स ऑइल फंड’ हे याचे ठळक उदाहरण होय. २००९ मध्ये अमेरिकन तेलाचा भाव सुमारे ४५ डॉलरवरून ७९ डॉलरवर, म्हणजे ७५ टक्क्यांहून अधिक चढला. निधीच्या घटकाचा भाव मात्र २० टक्केही वाढला नाही. वर्षारंभी ओक्लाहोमातील कुशिंग येथे, जेथे या वायद्याचा माल ताब्यात दिला जातो, साठे फुगलेले होते आणि लागोपाठच्या दोन महिन्यांच्या भावांत कित्येक डॉलरचे अंतर पडले होते. २० एप्रिल २०२० रोजी तर मे वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, त्याच दिवशी जूनचा २०.४३ डॉलरवर होता. मोकळी टाकी मिळणेच दुरापास्त झाले होते. निधी तत्पूर्वीच मे वायद्यातून बाहेर पडला होता. तरीही त्याला आपली गुंतवणूक दूरच्या महिन्यांत विभागणे भाग पडले.

दूरच्या महिन्यांचे वायदे घेतल्याने झीज बहुधा कमी होते. परंतु ते प्रत्यक्ष भावाच्या चढउतारास तितकासा प्रतिसाद देत नाहीत. बॅकवर्डेशनमध्ये हाच व्यवहार धारकास अनुकूल ठरतो. चढ्या भावाचा वायदा विकून स्वस्त वायदा घेतल्याने पिंपे वाढतात. २०२१ मध्ये तेलबाजार बव्हंशी याच अवस्थेत होता. भारतातील सुवर्णनिधी प्रत्यक्ष सोनेच बाळगतात, म्हणून त्यांच्या धारकांस कोठारखर्च व व्यवस्थापनशुल्क सोसावे लागले, तरी ही झीज सोसावी लागत नाही. वायदे बाळगणाऱ्या निधीबाबत मात्र नजीकच्या व त्यापुढील महिन्याच्या भावांतील टक्केवारीचे अंतर पाहिले, म्हणजे पुढील महिन्यात किती झीज संभवते, याचा बराचसा अंदाज येतो.