खिळा पेटत नाही, मग स्टील वूल का पेटते?

लोखंड जळत नाही, असे आपण धरूनच चालतो. पण हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश घासण्यासाठी राखाडी, मऊ स्टील वूल मिळते ना, त्याला नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची दोन्ही टोके नुसती टेकवली तरी ते पेटते. ज्वाला दिसत नाही. तारांमधून लालभडक ठिणग्या पळत जातात. लोखंडी खिळ्याला काडी लावून बघा, फक्त काजळी धरेल. दोन्ही लोखंडच, मग फरक कशाचा?

फरक आहे पृष्ठभागाचा. जळणे म्हणजे लोखंडाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग, आणि ऑक्सिजन पोचतो तो फक्त वरच्या थरापर्यंत. आम्ही साधा हिशेब मांडला. दहा सेंटिमीटर लांब, चार मिलिमीटर जाड खिळ्याचे वजन साधारण 10 ग्रॅम भरते. हवेला उघडी असलेली त्याची बाजू जेमतेम साडेबारा चौरस सेंटिमीटर. याच खिळ्याची 0.04 मिलिमीटर जाडीची तार ओढली, तर ती एक किलोमीटर लांब होईल आणि उघडा भाग शंभरपट, म्हणजे ए-फोरच्या दोन कागदांएवढा! वजन तेच, 10 ग्रॅम.

दुसरी गोष्ट उष्णतेची. खिळ्याच्या टोकाला दिलेली उष्णता आतल्या लोखंडात पसरून जाते, त्यामुळे टोक पेटण्याइतके तापतच नाही. बारीक तारेत उष्णता मुरायला आत जागाच नसते. तार क्षणात तापते, जळते, आणि तिच्या जळण्याची उष्णता शेजारच्या तारेला पेटवते. गोळा घट्ट दाबला तर आत हवा कमी जाते आणि आग मंदावते. सैल करून फुंकर मारली की फुलते. जळल्यावर गोळा हलका होत नाही, उलट वजन वाढते, कारण ऑक्सिजन त्यात अडकून बसतो. ठिणग्या बाहेर उडू दिल्या नाहीत, तर चांगल्या वजनकाट्यावर हे दिसते.

म्हणजे खिळा जळूच शकत नाही, असे नाही. गॅस कटिंगवाला हेच करतो: आधी प्लेट लाल करतो, मग शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडतो. तिथे लोखंड नुसते वितळत नाही, जळतेसुद्धा.

आपली कितीतरी मुले फॅब्रिकेशन, गॅरेजच्या कामाला आहेत, म्हणून एवढे सांगतो. ग्राइंडरखाली साचलेली लोखंडाची बारीक भुकटी ‘लोखंडच आहे’ म्हणून तेलकट चिंध्यांशेजारी पडू देऊ नका. घरात स्टील वूल आणि ती चौकोनी बॅटरी एका ड्रॉवरमध्ये नको. मुलांना प्रयोग दाखवायचाच, तर मोकळ्या जागी, पत्र्याच्या ताटात, चष्मा लावून, आणि जवळ कोरड्या वाळूची बादली ठेवून.