आईचं वीजबिल, आईच्याच हातून

महावितरणच्या छापील बिलावर १२ अंकी ग्राहक क्रमांक असतो. आईला पहिल्यांदा शिकवताना सुरुवात तिथून करावी, फोनवरून नव्हे. त्या आकड्याभोवती पेनाने गोल काढून ठेवा. ॲपमध्ये तो तिनेच टाकायचा, तुम्ही फक्त शेजारी बसायचं. (हात शिवशिवतात, पण फोन हिसकावून घेऊ नये.)

क्रमांक टाकल्यावर नाव आणि रक्कम दिसते. इथे थांबायला शिकवा. कागदावर १,२४० रुपये आणि वडिलांचं नाव असेल, तर पडद्यावरही तेच हवं. एक अंक चुकला तर दुसऱ्याच कुणाचं बिल भरलं जाऊ शकतं. सगळं जुळलं, की मगच यूपीआय पिन.

पैसे गेल्याचा बँकेचा मेसेज म्हणजे पावती नव्हे. खात्यातून रक्कम वजा होऊनही बिल ‘न भरलेलं’ दिसू शकतं. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा भरू नये. आधी व्यवहाराची स्थिती पाहावी. व्यवहार फसला असेल तर पैसे सहसा काही दिवसांत परत जमा होतात. म्हणून बिल मुदतीच्या चार-पाच दिवस आधीच भरावं.

पावती उतरवून घेतली, की तिच्यावरचा व्यवहार क्रमांक आणि तारीख आईने कागदी बिलावर लिहून ते फाइलला लावावं. फोन बिघडला तरी नोंद हाताशी राहते. पुढच्या बिलात हीच रक्कम थकबाकी म्हणून आली, तर तक्रारीसाठी तोच क्रमांक लागतो.

‘आज रात्री वीज तोडू’ असा मेसेज आला, तर त्यातल्या नंबरवर फोन करायचा नाही. ती फाइल उघडायची.